'परिणाम नाही' म्हणजे किती नाही?

अपेक्षित परिणाम दिसला नाही, की शोधनिबंधाचा आवाज खाली येतो. 'नमुना लहान होता', 'आणखी अभ्यासाची गरज आहे' अशी सारवासारव सुरू होते. वाचकाला हवं असलेलं मात्र राहून जातं: परिणाम असताच, तर या प्रयोगात तो दिसला असता का?

आल्बर्ट मायकेलसन यांच्या १८८१ च्या प्रयोगात हीच अडचण होती. प्रकाश 'ईथर' नावाच्या माध्यमातून जातो, असं तेव्हा मानलं जाई. पृथ्वी त्यातून धावत असेल, तर काटकोनात धाडलेल्या दोन किरणांच्या वेळेत फरक पडावा आणि उपकरण फिरवल्यावर त्यांच्या मिलनातून उमटणारे काळे-उजळ पट्टे सरकावेत. पट्टे सरकले नाहीत. पण गणितात चूक होती. खरी अपेक्षा निम्मीच होती, म्हणजे जेमतेम उपकरणाच्या त्रुटीएवढी. त्या नकारातून काहीच ठरत नव्हतं.

१८८७ मध्ये क्लीव्हलंडला एडवर्ड मॉर्ली यांच्यासह त्यांनी प्रयोग पुन्हा केला. पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आरसे बसवून किरणाची वाट ११ मीटरपर्यंत वाढवली. एवढ्या अंतरात पिवळ्या प्रकाशाच्या सुमारे दोन कोटी तरंगलांबी मावतात. पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या दहा हजारांश. त्याच्या वर्गाने दोन कोटींना गुणून दुप्पट केलं, की अपेक्षा येते ०.४ पट्टा.

निबंधात हा आकडा आधी आला, मग निकाल: पट्टे सरकले असलेच, तर अपेक्षेच्या विसाव्या भागाहून नक्की कमी, बहुधा चाळिसाव्याहूनही कमी. म्हणजे ईथरच्या तुलनेत पृथ्वीचा वेग तिच्या कक्षेतल्या वेगाच्या पाव भागाहून नक्की कमी. आलेखात निरीक्षणांसोबत अपेक्षेच्या फक्त एक-अष्टमांश उंचीची तुटक रेषा काढली होती; निरीक्षणं तिच्याही जवळ जात नव्हती. हा आलेख मला त्या निबंधातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

मर्यादाही त्यांनी नेमकी सांगितली. निरीक्षणं जुलैतल्या मोजक्या दिवसांची होती. सूर्यमालेची स्वतःची गती त्याच वेळी पृथ्वीच्या गतीला छेद देत असेल, तर दर तीन महिन्यांनी प्रयोग करून पाहायला हवा, असं त्यांनी लिहिलं.

आजच्या छोट्या निबंधालाही एवढंच पुरतं. समजा, नव्या खतामुळे उत्पादन निदान १० टक्के वाढलं, तरच ते परवडतं. चाचणीत वाढ २ टक्के दिसली. ९५ टक्के विश्वासाची मर्यादा उणे १ ते अधिक ५ असेल, तर १० टक्क्यांची आशा मोडीत निघाली, असं स्पष्ट लिहावं. तीच मर्यादा उणे १५ ते अधिक १९ असेल, तर 'खताचा उपयोग नाही' हे विधान निराधार ठरेल. चाचणीने प्रश्न सोडवलाच नाही, असं म्हणावं. दोन्ही वेळा 'फरक आढळला नाही' हेच वाक्य छापलं जातं. म्हणून लेखकांनी परवडणारी वाढ आणि ही मर्यादा, दोन्ही आकडे सारांशातच द्यावेत.