'हा तुमचा मुलगा' आणि 'हा तुझा भाऊ'

आज तिसरी-चौथीच्या मुलांना सांगता येईल अशी माफीची एक गोष्ट, आणि ती सांगताना काय निसटतं तेही बघू. मूळ दाखला येशूने सांगितलेला, लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातला. आपल्याकडे तो 'उधळ्या पुत्र' म्हणून माहीत आहे. मी तो देवळाली कॅम्पजवळच्या एका मळ्यात आणलाय.

एका शेतकऱ्याची सहा एकर द्राक्षबाग होती आणि दोन मुलं होती. धाकटा म्हणाला, "बाबा, माझा वाटा आत्ताच द्या." मूळ गोष्टीच्या काळी थोरल्याला धाकट्याच्या दुप्पट मिळायचं. म्हणून आपणही थोरल्याला चार एकर देऊ, धाकट्याला दोन. धाकट्याने ती विकली, देवळाली स्टेशनवर गाडी पकडली आणि मुंबईत सगळे पैसे उडवले. पैसे संपले तसे मित्रही पांगले. भांडी घासूनही पोट भरेना.

परतताना गाडीत तो तीन वाक्यं घोकत होता : "बाबा, मी चुकलो. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही. मला मजूर म्हणून ठेवा."

बाबांनी त्याला लांबूनच ओळखलं आणि ते पळत सुटले. पोरगा दोन वाक्यं बोलला. तिसरं तोंडातच राहिलं, कारण बाबांनी तोवर नवे कपडे, चपला आणि गोडाधोडाचं जेवण करायला सांगितलं होतं.

हे तिसरं वाक्य सांगताना बऱ्याचदा गाळलं जातं. पण गोष्टीची गंमत तिथेच आहे. मजुरी करून फेडायची तयारी पोराची होती, बाबांनी ती अटच घातली नाही.

मग मुलं हमखास विचारतील, "त्याला जमीन परत मिळाली का?" मूळ गोष्टीत पुन्हा वाटणी होत नाही. बाबा थोरल्याला सांगतात, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे धाकट्याला घर मिळालं, नाव मिळालं. विकलेले दोन एकर गेले ते गेलेच. माफी मिळाली म्हणून नुकसान पुसलं जात नाही, हे मुलांना इथे नीट कळतं.

थोरला मात्र दारातच अडून बसतो. राबलो मी, आणि जेवण त्याच्यासाठी? तो भावाचं नावही घेत नाही, म्हणतो, "हा तुमचा मुलगा." बाबा बाहेर येऊन त्याची समजूत काढतात आणि एकच शब्द बदलतात : "अरे, हा तुझा भाऊ."

थोरला आत गेला का? येशूने ते सांगितलंच नाही. तुम्हीही सांगू नका. गोष्ट दारातच थांबवा आणि मुलांना विचारा, "तुम्ही असता तर?" कुणी "नाही जाणार" म्हणालं, तर त्याला लगेच गप्प करू नका. त्याचा राग खोटा नाहीये. बाबाही थोरल्यावर ओरडले नव्हते, त्याच्यासाठीही ते घराबाहेर आलेच होते.