चेक बाउन्स झाल्यावरची नोटीस

समजा, सांगलीच्या एका व्यापाऱ्याला मालापोटी मिळालेला 2 लाखांचा चेक परत आला. 5 जूनला बँकेचा मेमो हातात पडला, ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’. त्याला थेट कोर्टात जाता येत नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 नुसार आधी लेखी मागणी करावी लागते, तीही मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत.

नोटिशीत चेकचीच रक्कम मागायची. व्याज आणि वकिलाची फी मागायची असेल तर ती वेगळी दाखवावी. सगळं एकत्र करून ‘अडीच लाख द्या’ असं लिहिलं, की नोटीसच अवैध ठरू शकते. इथे बरेच जण फसतात.

नोटीस 20 जूनला पोहोचली, तर समोरच्याला 5 जुलैपर्यंत मुदत. तोवर पैसे दिले तर गुन्हा होतच नाही. नाही दिले, तर पुढच्या महिनाभरात मॅजिस्ट्रेटकडे तक्रार. पाकीट घ्यायला नकार देऊनही सुटका नाही. योग्य पत्त्यावर पोस्टात नोंदणी करून पाठवलेली नोटीस सहसा मिळालीच असं धरलं जातं.

पण नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. तिच्या जोरावर खातं गोठवता येत नाही, दुकानातला माल उचलता येत नाही, अटकही होत नाही. उत्तर देण्याची सक्तीसुद्धा नाही. तरी खरा बचाव असेल, उदाहरणार्थ माल सदोष म्हणून परत केला असेल, तर तो उत्तरात वेळेवर मांडलेला बरा. खटल्यात पहिल्यांदाच सांगितलेली गोष्ट न्यायाधीशांना पटवणं फार जड जातं.