मतदानाआधी दोन प्रश्न

आठ मित्रांचं शनिवारी जेवायचं ठरतं आणि कुणीतरी ग्रुपवर थेट चार हॉटेलांची नावं टाकतं. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे ज्याला चारशेच्या वर परवडत नाही तोही मुकाट्याने बहुमतामागे जातो. म्हणून आधी प्रत्येकाला खासगीत विचारावं: कमाल किती खर्च चालेल, आणि काय चालत नाही? ‘शाकाहारी’ एवढंच उत्तर पुरत नाही. कुणाला कांदा-लसूण वर्ज्य असतो, कुणाला मांसाहारी स्वयंपाकघरच नको असतं.

समजा, सर्वांत कमी आकडा ४०० आला आणि दोघांना शुद्ध शाकाहारीच हवं आहे. मग या मर्यादेत बसणारीच ठिकाणं पोलमध्ये ठेवावीत:

‘शनिवार, रात्री ८. चालतील त्या सगळ्यांवर मत द्या. शुक्रवारी दुपारी १२ला बंद.
१) गुजराती थाळी, जीएसटीसह माणशी ३८०
२) दाक्षिणात्य, सुमारे २५०
३) पंजाबी, शुद्ध शाकाहारी, सुमारे ४००’

एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा चालू ठेवा. सर्वाधिक लोकांना चालणारं ठिकाण त्यातून कळतं. मात्र त्या दोघांच्या अटीवर मतदान कधीच घेऊ नका.