पसारा सारखा नसेल तेव्हा

१८९३-९४ च्या हिवाळ्यात लॉर्ड रॅले इंग्लंडमधल्या टर्लिंग इथल्या आपल्या घरच्या प्रयोगशाळेत एकच काम चिकाटीने करत होते. काचेचा मोठा गोळा नायट्रोजनने भरायचा, तोलायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. कधी हा नायट्रोजन हवेतला प्राणवायू काढून टाकून मिळवलेला असे, तर कधी नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड किंवा अमोनियम नायट्राइट यांसारख्या रसायनांपासून तयार केलेला. वायू तोच, गोळाही तोच. तेव्हा वजनही तेच यायला हवे. पण ते येत नव्हते. हवेतला नायट्रोजन दर वेळी किंचित जड भरत होता.

त्या वजनांपैकी पंधरा संख्याशास्त्राच्या पुस्तकांमध्ये आजही उदाहरण म्हणून दिलेली दिसतात. हवेतल्या नायट्रोजनची सात वजने ग्रॅममध्ये अशी: २.३१०१७, २.३०९८६, २.३१०१०, २.३१००१, २.३१०२४, २.३१०१०, २.३१०२८. रसायनांपासून केलेल्या नायट्रोजनची आठ: २.३०१४३, २.२९८१६, २.३०१८२, २.२९८९०, २.२९८६९, २.२९९४०, २.२९८४९, २.२९८८९. पहिल्या गटाची सरासरी २.३१०११, दुसऱ्याची २.२९९४७. फरक ०.०१०६४ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा टक्का. या अर्ध्या टक्क्याचा माग काढत रॅले आणि विल्यम रॅम्से आरगॉनपर्यंत पोचले. १९०४ साली रॅलेंना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्सेंना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हवेतून 'नायट्रोजन' म्हणून जे उरत होते त्यात सव्वा टक्क्याच्या आसपास आरगॉन होता, आणि आरगॉन नायट्रोजनपेक्षा सुमारे त्रेचाळीस टक्के जड असतो. हिशोब बरोबर जुळतो.

रॅलेंनी यासाठी कुठलीही संख्याशास्त्रीय चाचणी वापरली नाही. टी-चाचणी तेव्हा जन्मालाच आली नव्हती. गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने तिचा पाया घालणारा लेख १९०८ साली छापला. पण दोन सरासऱ्यांची तुलना नेमकी कुठे घसरते हे दाखवायला रॅलेंच्या आकड्यांइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. कारण त्या दोन गटांमध्ये सरासरीपेक्षाही ठळक असा दुसरा एक फरक आहे, आणि तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

हवेची सातही वजने एकमेकांना चिकटून आहेत. सर्वांत हलके आणि सर्वांत जड यांत जेमतेम ०.०००४ ग्रॅमचे अंतर आहे. रासायनिक नायट्रोजनची वजने मात्र विखुरलेली आहेत. हा विखुरलेपणा मोजायचे माप म्हणजे प्रमाण विचलन: आकडे आपल्या सरासरीपासून साधारण किती लांब जातात ते. हवेच्या गटात ते ०.०००१४ आहे, रसायनांच्या गटात ०.००१३८. जवळजवळ दहापट.

टी-चाचणी करते काय, तर दोन सरासऱ्यांमधल्या फरकाला त्या फरकातल्या अनिश्चिततेने भागते. या अनिश्चिततेला प्रमाण त्रुटी म्हणतात. भागाकार मोठा आला, तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडला असेल हे मानणे जड जाते. वरची संख्या काढण्यात काही वाद नाही. सगळा प्रश्न खालच्या संख्येचा आहे. तिच्यासाठी दोन्ही गटांचा पसारा लागतो, आणि तो घ्यायचा कसा?

जुन्या, पाठ्यपुस्तकी रीतीत दोन्ही गटांचा पसारा मुळात एकच आहे असे गृहीत धरतात आणि दोन्हीकडचे आकडे एकत्र करून त्याचा एकच अंदाज काढतात. ज्या गटात आकडे जास्त, त्याचे वजन या एकत्रित अंदाजात जास्त. दुसरी रीत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ बी. एल. वेल्च यांची, १९३८ आणि १९४७ च्या लेखांतली. तिच्यात प्रत्येक गटाने आपापला पसारा आपणच वाहायचा: प्रत्येक प्रमाण विचलनाचा वर्ग त्या गटातल्या आकड्यांच्या संख्येने भागायचा, दोन्ही भागाकारांची बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे.

रॅलेंच्या आकड्यांवर एकत्रित रीतीने प्रमाण त्रुटी ०.०००५३ येते आणि टी २०.२. वेल्चच्या रीतीने त्रुटी ०.०००४९ आणि टी २१.७. फरक नगण्य वाटेल. पण आणखी एक संख्या पाहायला हवी. तिला डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. पसाऱ्याचा अंदाज किती स्वतंत्र माहितीवर उभा आहे ते ती सांगते. एकत्रित रीतीत ती १३ येते, पंधरा आकड्यांतून दोन सरासऱ्या वजा करून. वेल्चच्या सूत्रात ती ७.१७ येते. म्हणजे वेल्च सांगतात की अनिश्चितता जवळजवळ सगळी रसायनांच्या आठ वजनांतून येते आहे, हवेची सात वजने तिच्यात फारशी भर घालत नाहीत. तेव्हा पंधरा आकडे हाताशी असल्याचा आव आणू नका.

इथे दोन्ही रीतींचा निकाल एकच लागला, कारण फरक प्रचंड आहे आणि गट जवळपास सारख्या आकाराचे आहेत. आकार बिघडवून पाहू. समजा रासायनिक नायट्रोजन बनवणे कटकटीचे म्हणून त्याची तीनच वजने घेतली आणि हवेची तीस. पसारे तेच ठेवू, आणि सरासऱ्यांमधला फरक फक्त ०.००१ ग्रॅम आहे असे धरू. एकत्रित अंदाजावर आता हवेच्या तीस शिस्तशीर वजनांचा पगडा बसतो. त्या हिशोबाने प्रमाण त्रुटी ०.०००२३ येते, टी ४.४ आणि पी-मूल्य हजारात एकाहूनही कमी. खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य, तेव्हा शोध लागला म्हणून आनंदाने लेख पाठवून द्यायचा. वेल्चच्या हिशोबाने मात्र त्रुटी ०.०००८० येते, साडेतीन पट. टी १.२५, डिग्रीज ऑफ फ्रीडम दोनच, आणि पी-मूल्य तीनात एक. म्हणजे हाताशी काहीच नाही.

धोक्याची जोडी हीच: लहान गटाचा पसारा मोठा आणि मोठ्या गटाचा लहान. अशा वेळी एकत्रित चाचणी नसलेला फरक पाहते. उलट मांडणीत, म्हणजे मोठ्या गटाचाच पसारा मोठा असेल तर, ती असलेल्या फरकाकडे काणाडोळा करते. गट सारख्या संख्येचे असतील तर फारसे बिघडत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे एकत्रित रीत वापरूनही कित्येकांना तिचा फटका बसलेला नाही.

मग आधी पसारे सारखे आहेत का ते तपासावे आणि त्यानुसार चाचणी निवडावी, असा सल्ला अजूनही शिकवणी वर्गांत मिळतो. तो मला पटत नाही. आकडे थोडे असतील तर ही आधीची तपासणी खरा फरकही पकडू शकत नाही. शिवाय पसाऱ्याची नेहमीची एफ-चाचणी घंटाकृती वक्रापासून ढळलेल्या आकड्यांना टी-चाचणीपेक्षा कितीतरी जास्त बिचकते. समुद्र जहाजासाठी शांत आहे का हे पाहायला आधी वल्ह्याची होडी पाठवण्यासारखे हे आहे, असे जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ मध्येच सुनावले होते. सरळ वेल्च वापरावी. पसारे खरोखर सारखे निघाले तरी तिचे नुकसान किरकोळ असते. आर या प्रणालीत दोन गट दिले की काही न सांगता वेल्चच होते, एकत्रित रीत हवी असेल तर तसे लिहावे लागते:

```
t.test(air, chem)
t.test(air, chem, var.equal = TRUE)
wilcox.test(air, chem)
```

एक्सेलमध्ये `=T.TEST(A1:A7,B1:B8,2,3)` यातला शेवटचा ३ वेल्चचा; तिथे २ टाकला की एकत्रित.

वरच्या चौकटीतली तिसरी ओळ वेगळ्या दुखण्यावरची आहे. सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही एखाद्या भलत्या आकड्यापुढे हतबल होतात. रॅलेंच्या वहीतून उतरवताना २.३०१८२ ऐवजी कोणी २.३८१८२ लिहिले असे समजा. एका अंकाची चूक. रासायनिक गटाची सरासरी तेवढ्याने २.३०९४७ होते, हवेच्या सरासरीला जवळजवळ टेकते. प्रमाण विचलन वीसपटीने फुगते आणि टी २१.७ वरून ०.०६ वर येतो. आरगॉन गायब. इथे वेल्चही वाचवत नाही, कारण दोष पसाऱ्याच्या सूत्रात नाही, सरासरीतच आहे.

१९४५ साली फ्रँक विल्कॉक्सन यांनी यावर साधा उपाय छापला. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आकडे बाजूला ठेवायचे आणि त्यांचे फक्त क्रमांक घ्यायचे. पंधराही वजने एका रांगेत लावा, सर्वांत हलक्याला १, सर्वांत जडाला १५. मूळ आकड्यांत रसायनांची आठही वजने १ ते ८ वर बसतात आणि हवेची सात ९ ते १५ वर. हवेत २.३१०१० दोनदा आहे. ११ आणि १२ हे क्रमांक वाटून दोघांना ११.५ द्यायचे. हवेच्या क्रमांकांची बेरीज ८४, याहून मोठी ती होऊच शकत नाही. दोन्ही नायट्रोजन एकच असते तर पंधरातल्या कुठल्याही सात जागा हवेच्या वाट्याला सारख्याच शक्यतेने आल्या असत्या. अशा निवडी ६,४३५ होतात. त्यांतल्या दोनच इतक्या टोकाच्या: सगळी हवा वर किंवा सगळी खाली. म्हणून पी-मूल्य २ भागिले ६,४३५, सुमारे ०.०००३. घंटाकृती वक्राचे गृहीतक कुठेच लागले नाही. १९४७ मध्ये मान आणि व्हिटनी यांनी ही रीत असमान आकाराच्या गटांसाठी नीट बसवून दिली, म्हणून तिला त्यांचेही नाव आहे.

आता तीच लेखनचूक. २.३८१८२ कितीही मोठा असला तरी रांगेत फक्त पंधरावा होतो. २३८ लिहिले असते तरी पंधरावाच. हवेची सात वजने ८ ते १४ वर सरकतात. तितक्या किंवा त्याहून टोकाच्या मांडण्या मोजल्या तर एका बाजूला ४५ भरतात, दोन्ही बाजूंना मिळून ९०, आणि पी-मूल्य ०.०१४. संशय शाबूत राहतो.

पण या चाचणीकडून नको ते मागू नये. वजनांमधला फरक अर्ध्या टक्क्याऐवजी पन्नास टक्के असता तरी रांग तीच, आणि पी-मूल्यही तेच ०.०००३ आले असते. ती फक्त एवढेच विचारते की एका गटातला कुठलाही आकडा दुसऱ्यातल्या कुठल्याही आकड्याहून मोठा निघण्याचा कल आहे का. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असेल तरच त्याचा अर्थ 'मध्यक सरकला' असा लावता येतो. आणि असमान पसाऱ्यावर ती औषध नाही. हा गैरसमज मी सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे: पसारे वेगळे दिसले की लोक क्रमांकांकडे धावतात. लहान गट फार विखुरलेला आणि मोठा गट आटोपशीर असेल, तर दोघांचे मध्य एकच असूनही क्रमांकांची चाचणी ठरल्यापेक्षा जास्त वेळा फरक दाखवते; चूक एकत्रित टी-चाचणीसारखीच, फक्त बेताची.

रॅलेंच्या आकड्यांवर मी वेल्चचाच निकाल लिहीन, आणि टी पेक्षा आधी फरक लिहीन: ०.०१०६ ग्रॅम, ९५ टक्के विश्वासाची मर्यादा ०.००९५ ते ०.०११८. क्रमांकांची चाचणी शेजारी पडताळा म्हणून. रासायनिक गटातली सर्वांत जड दोन वजने नायट्रिक ऑक्साइडची आहेत हेही नोंदवीन, कारण तो गट खरे तर तीन वेगळ्या रसायनांचा आहे आणि त्याचा मोठा पसारा काही अंशी तिथूनच आला असणार. ते उलगडायला यातली एकही चाचणी पुरत नाही. त्यासाठी प्रत्येक रसायनाची वजने वेगळी मांडून बघावी लागतात.