शेजाऱ्यापासून वर्तुळापर्यंत: पिक्सेलमधल्या अंतराची सहा दशके

कागदावर दोन बिंदूंमधले अंतर पट्टी लावून मोजता येते. संगणकाच्या प्रतिमेत पट्टी नसते, चौकोनी जाळीत बसवलेले पिक्सेल असतात आणि प्रत्येकाला थेट ओळख असते ती फक्त शेजाऱ्यांची. एका पिक्सेलपासून दुसरा किती दूर, हे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात मोजायचे, तर आधी शेजारी कोण हे ठरवावे लागते. तिथूनच या विषयाचा इतिहास सुरू होतो.

1966 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातले अझ्रिएल रोझेनफेल्ड आणि जॉन फाल्ट्झ यांनी एक प्रश्न सोडवला. काळ्या-पांढऱ्या चित्रातल्या आकृतीचा प्रत्येक पिक्सेल जवळच्या पार्श्वभूमीपासून किती दूर आहे, हे झटपट कसे काढायचे? त्यांचे उत्तर दोन फेऱ्यांचे होते. पार्श्वभूमीला 0 आणि आकृतीला खूप मोठी संख्या द्यायची. पहिल्या फेरीत वरून खाली, डावीकडून उजवीकडे जायचे. प्रत्येक पिक्सेलने वरच्या आणि डाव्या शेजाऱ्याच्या संख्येत 1 मिळवायचा आणि आपल्या संख्येपेक्षा उत्तर लहान आले, तर ते घ्यायचे. दुसऱ्या फेरीत खालून वर उलटे यायचे, खालचा आणि उजवा शेजारी पाहायचा. आकृती कितीही जाड असो, दोन फेऱ्यांत काम संपते.

इथे शेजारी चारच होते: वर, खाली, डावा, उजवा. त्यातून येते ते सिटी-ब्लॉक अंतर, म्हणजे आडव्या आणि उभ्या फरकांची बेरीज. दोन वर्षांनी, 1968 मध्ये, याच दोघांनी अंतरांवर स्वतंत्र लेख लिहिला. तिरके चार शेजारीही धरले, तर बुद्धिबळातल्या राजाची चाल मिळते. तो एका चालीत आठही बाजूंना जातो, म्हणून दोन फरकांपैकी जो मोठा, तेच चेसबोर्ड अंतर. 5 स्तंभ आणि 3 ओळी दूर असलेला पिक्सेल घेऊ:

```
सिटी-ब्लॉक:  5 + 3 = 8
चेसबोर्ड:    max(5, 3) = 5
युक्लिडीय:   √(25 + 9) ≈ 5.83
```

एकाच पिक्सेलची ही तीन अंतरे. फरक कुठून येतो, हे शेजाराचा आकार पाहिल्यावर कळते. अंतर 2 पर्यंतचे सगळे पिक्सेल रंगवले, तर सिटी-ब्लॉकमध्ये टोकावर उभा राहिलेला चौकोन मिळतो, त्यात 13 पिक्सेल असतात. चेसबोर्डमध्ये 5×5 चा सरळ चौरस मिळतो, 25 पिक्सेलचा. युक्लिडीय अंतराने रंगवलेली चकती मात्र इतक्या लहान त्रिज्येला सिटी-ब्लॉकच्या आकृतीशी तंतोतंत जुळते, तीही 13 पिक्सेलचीच. त्रिज्या 3 झाली की दोघींची वाट वेगळी होते: एकीत 25, दुसरीत 29. जास्तीचे चार पिक्सेल कर्णांवरचे, 2 स्तंभ आणि 2 ओळी दूरचे. त्यांचे खरे अंतर 2.83, पण सिटी-ब्लॉकला ते 4 दिसते. छोट्या शेजारात तपासून ‘फरक पडत नाही’ असे ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

चौकोन आणि चौरस यांच्या मधला मार्ग 1968 च्या त्याच लेखात होता: एक पाऊल चार शेजाऱ्यांचे, पुढचे आठांचे, पुन्हा चारांचे. त्यातून अष्टकोन तयार होतो. त्रिज्या 2 ला त्यात 21 पिक्सेल येतात, 5×5 चौरसाचे चार कोपरे तेवढे गळतात. आपला पिक्सेल या मापाने 6 वर येतो. पण पावलांचा क्रम इथे निर्णायक आहे. आठाचे पाऊल आधी टाकले, तर तिरका शेजारी 1 वर येतो आणि त्याच दिशेचा त्याच्या पुढचा पिक्सेल 3 वर. मधल्या थांब्याने 1 अधिक 1 म्हणजे 2, थेट गेले तर 3! थांबून गेल्यावर वाट कमी भरत असेल, तर त्या मापाला गणितात अंतर म्हणता येत नाही. अशा पावलांचा अभ्यास 1980 च्या दशकात खरगपूरच्या आयआयटीत पी. पी. दास, पी. पी. चक्रवर्ती आणि बी. एन. चटर्जी यांनी कितीही मितींसाठी व्यापक केला. या इतिहासातला तो भारतीय टप्पा आहे.

त्याच दशकात स्वीडनमध्ये गुनिला बोर्गेफोर्स यांनी दुसरी वाट पक्की केली. सगळी पावले सारखी का मोजायची? सरळ पावलाला 3, तिरक्याला 4 अशी किंमत द्या आणि शेवटी 3 ने भागा. आपल्या पिक्सेलपर्यंत 3 तिरकी आणि 2 सरळ पावले पडतात, म्हणजे 12 अधिक 6, एकूण 18. भागून 6. त्यांच्या 1986 च्या लेखात घोड्याच्या चालीचे पाऊलही होते: किमती 5, 7 आणि 11. दोन घोडेचाली आणि एक तिरके पाऊल मिळून 29, त्याला 5 ने भागून 5.8. पूर्णांकांच्या बेरजेने खऱ्या 5.83 च्या इतक्या जवळ जाता येते. चूक कुठल्याही दिशेला सुमारे 2 टक्क्यांच्या आत राहते, 3-4 मध्ये ती 6 टक्क्यांपर्यंत जाते.

खरे युक्लिडीय अंतर हवे असणाऱ्यांनी वेगळा विचार केला. 1980 मध्ये स्वीडनच्याच पेर-एरिक डॅनियलसन यांनी शेजाऱ्याकडे अंतराऐवजी दोन संख्या पाठवल्या: किती स्तंभ दूर आणि किती ओळी दूर. उत्तरे जवळजवळ अचूक येत, क्वचित चुकत. एखाद्या पिक्सेलचा सर्वांत जवळचा पार्श्वभूमी-बिंदू त्याच्या कुठल्याही शेजाऱ्याचा सर्वांत जवळचा नसेल, तर त्याची बातमी शेजाऱ्यांमार्फत पोचतच नाही. म्हणून पुढच्या पद्धतींनी शेजाऱ्याला विचारणेच सोडले. अंतराचा वर्ग म्हणजे आडव्या आणि उभ्या फरकांच्या वर्गांची बेरीज, तेव्हा आधी प्रत्येक स्तंभ स्वतंत्र सोडवायचा आणि मग त्या उत्तरांवर प्रत्येक ओळ. 2004 मध्ये फेल्झेनश्वाल्ब आणि हटनलोकर यांनी ओळीचे काम अनेक पॅराबोलांची खालची कड शोधण्यावर आणले. उत्तर पूर्ण अचूक आणि वेळ पिक्सेलच्या संख्येच्या प्रमाणातच.

जुनी मापे म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. फक्त चार दिशांना सरकणाऱ्या यंत्रासाठी सिटी-ब्लॉक हेच खरे अंतर आहे. 3×3 चौरसाने आकृती थराथराने सोलायची असेल, तर किती थर निघतील हे चेसबोर्ड अंतर सांगते. चूक होते ती या मापांनी जाडी मोजायला गेल्यावर. कडेपासून मध्यापर्यंत 10 पिक्सेल असलेली सरळ पट्टी दोन्ही मापांनी 10 च भरते. तीच 45 अंशांत फिरवली, की सिटी-ब्लॉक सुमारे 14 सांगते आणि चेसबोर्ड सुमारे 7. परीक्षा यातच आहे: आकृती फिरवा, आकडा बदलला तर मापात दिशा शिरली आहे.

आजच्या सॉफ्टवेअरमध्येही ही जुनी मापे जिवंत आहेत. OpenCV मध्ये `distanceTransform` ला `DIST_L2` सांगून 3 चा मास्क दिला, तर युक्लिडीय नव्हे, किमतींचे अंतर मिळते: सरळ पाऊल 0.955, तिरके 1.3693. सरळ 10 पिक्सेल तिथे 9.55 होतात. अचूक अंतरासाठी `DIST_MASK_PRECISE` लागते. पेशीची रुंदी असो वा भेगेची जाडी, पिक्सेलमधले अंतर अहवालात लिहाल, तेव्हा आकड्याशेजारी कोणते अंतर आणि कोणता मास्क वापरला, हेही लिहा. त्याशिवाय तो आकडा दुसऱ्या कोणाला पडताळता येणार नाही.