प्रबंधाची आकडेवारी संख्याशास्त्रज्ञापुढे मांडताना

वैद्यकीय महाविद्यालयात एमडीच्या प्रबंधाचे आकडे गोळा झाले की मार्गदर्शक प्राध्यापक बहुधा आपल्याच संस्थेतील संख्याशास्त्राच्या सहकाऱ्याला ई-मेल पाठवतात. हे सहकारी सहसा सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागात, म्हणजे बोलीतल्या ‘पीएसएम’मध्ये असतात आणि अनेक विभागांचे विद्यार्थी त्यांच्याकडे येत असतात. पुष्कळदा ई-मेलला एक एक्सेल फाइल जोडलेली असते आणि मजकूर एका ओळीचा असतो: ‘मास्टर चार्ट पाठवत आहे, कृपया पी व्हॅल्यू काढून द्यावी.’ एवढ्या माहितीवर प्रामाणिक संख्याशास्त्रज्ञाला काहीच करता येत नाही. कोणती तुलना करायची, ती कशासाठी, आणि हे आकडे कसे जमले, यांपैकी एकही गोष्ट फाइलमध्ये दिसत नाही.

चांगल्या ई-मेलमध्ये काय असावे हे एका प्रकरणावरून नीट समजते. पुढचे उदाहरण त्यासाठीच रचलेले आहे आणि त्यातले आकडेही रचलेले आहेत, पण असे प्रबंध महाराष्ट्रात नेहमी होतात. विषय आहे आश्रमशाळांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलींचा रक्तक्षय. शाळांमधून आठवड्याला एक लोह-फॉलिक अॅसिडची गोळी देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. गोळी हातात पडली म्हणजे ती पोटात गेली असे होत नाही. म्हणून सहा शाळांत शिक्षिकेने समोर उभे राहून गोळी गिळायला लावली आणि दुसऱ्या सहा शाळांत नेहमीप्रमाणे नुसत्या गोळ्या वाटल्या. सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन मोजले. मार्गदर्शकांचा ई-मेल असा:

> मॅडम, नमस्कार. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाबाबत आपला सल्ला हवा आहे.
>
> प्रश्न एकच आहे: शिक्षिकेसमोर गोळी घेतल्याने, नुसती गोळी वाटण्याच्या तुलनेत, सहा महिन्यांनंतरचे हिमोग्लोबिन किती जास्त राहते?
>
> १२ शाळा, प्रत्येकी ४० मुली, एकूण ४८०. कोणती शाळा कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. मुलींच्या चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. सहा महिन्यांनी ८० मुलींची दुसरी मोजणी होऊ शकली नाही: देखरेखीच्या गटात २८, दुसऱ्या गटात ५२. फाइलमध्ये एका मुलीची एक ओळ आहे, नावे काढून टाकली आहेत.
>
> विद्यार्थिनीला वाटते की प्रत्येक गटात आधीच्या आणि नंतरच्या हिमोग्लोबिनची पेअर्ड टी-टेस्ट करावी. तिने ती करून पाहिली आहे: देखरेखीच्या गटात सरासरी वाढ ०.२५, पी ०.००३, दुसऱ्या गटात ०.१५, पी ०.०९. यावरून देखरेखीचा उपयोग होतो असे लिहिता येईल का? ही पद्धत योग्य नसेल तर कोणती वापरावी?
>
> सिनॉप्सिस आणि रकान्यांचा खुलासा सोबत जोडला आहे. प्रबंध जमा करायला दोन महिने आहेत.

या ई-मेलची खरी ताकद संशोधनाच्या प्रश्नात आहे. ‘रक्तक्षयाचा अभ्यास’ हे प्रबंधाचे शीर्षक असू शकते, पण तो प्रश्न नव्हे. इथे मात्र कोणाची तुलना कोणाशी, कोणते माप आणि कोणत्या वेळी, हे सगळे एका वाक्यात आले आहे. शिवाय प्रश्न ‘फरक पडतो का’ असा नसून ‘किती’ असा आहे. त्यामुळे उत्तर ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये द्यावे लागेल आणि नुसत्या पी व्हॅल्यूवर भागणार नाही, हे वाचताक्षणी कळते. या वयाच्या मुलींमध्ये १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय धरतात. विद्यार्थ्यांना या सीमारेषेवरून ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोन ढीग करून काय-स्क्वेअर लावायचा मोह होतो. त्यात ११.९ आणि ८.२ या मुली एकाच ढिगात पडतात आणि मेहनतीने मोजलेली माहिती वाया जाते. मूळ मोजमाप वापरणे केव्हाही चांगले. टक्केवारी वेगळ्या तक्त्यात देता येते.

फाइल साधीच असावी. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे असावीत, रंगवलेले किंवा जोडून टाकलेले चौकोन नसावेत:

```
id,shala,gat,vay,hb0,hb6
0307,3,1,14,10.8,11.6
0308,3,1,13,12.1,
```

रकान्यांच्या खुलाशात `gat` मधला 1 म्हणजे देखरेख की नुसते वाटप, `hb0` आणि `hb6` कोणत्या मोजणीचे, हे लिहिलेले असते. दुसऱ्या मुलीची शेवटची जागा रिकामी आहे, कारण तिची मोजणी झाली नाही. तिथे 0 भरले असते तर संगणकाने ते खरे हिमोग्लोबिन समजून सरासरी खाली ओढली असती. दशांश चिन्ह राहून 11.2 चे 112 होणेही नेहमीचेच. प्रत्येक रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहिला की अशा चुका लगेच सापडतात. हे काम ई-मेल पाठवण्याआधी विद्यार्थ्यानेच करायचे असते, कारण मूळ कागदी नोंदी त्याच्याजवळ असतात.

आता विद्यार्थिनीने सुचवलेली पद्धत. ती ई-मेलमध्ये आली हे फार उपयोगाचे झाले, चुकीची असूनही. विद्यार्थिनी कुठे अडली आहे हे संख्याशास्त्रज्ञाला त्यातूनच कळते. पेअर्ड टी-टेस्ट प्रत्येक गटाला वेगळा प्रश्न विचारते: या गटात सहा महिन्यांत बदल झाला का? एका गटात ‘हो’ आणि दुसऱ्यात ‘सांगता येत नाही’ असे उत्तर आले, म्हणून दोन गटांमध्ये फरक सिद्ध होत नाही. प्रबंधाचा प्रश्न मात्र दोन गटांमधल्या फरकाचा आहे. इथे तो ०.२५ वजा ०.१५, म्हणजे अवघा ०.१० ग्रॅम भरतो. मुलींमधल्या वाढीचे प्रमाण विचलन सुमारे १.२ असेल, तर दोन्ही गटांतील वाढींची थेट तुलना केल्यावर पी व्हॅल्यू ०.४ च्या आसपास येते. दोन वेगवेगळ्या चाचण्यांमधून भक्कम वाटलेला निष्कर्ष एका सरळ तुलनेत टिकत नाही. वैद्यकीय प्रबंधांमध्ये ही चूक वारंवार दिसते आणि तोंडी परीक्षेतही ती अनेकदा निसटून जाते, म्हणून तिच्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ती एका वाक्यात दडलेली आहे: चिठ्ठ्या शाळांच्या टाकल्या, मुलींच्या नाहीत. एका आश्रमशाळेतल्या मुली एकाच स्वयंपाकघरात जेवतात, एकाच विहिरीचे किंवा टाकीचे पाणी पितात आणि एकाच शिक्षिकेच्या शिस्तीत गोळी घेतात. त्यामुळे त्यांचे आकडे थोडेबहुत सारखे असतात. चाळिसाव्या मुलीकडून मिळणारी माहिती पूर्णपणे नवी नसते, कारण तिचा काही भाग आधीच्या एकोणचाळीस जणींनी सांगून टाकलेला असतो. टी-टेस्ट मात्र प्रत्येक मुलगी स्वतंत्र आहे असे गृहीत धरते.

हा सारखेपणा शून्य ते एक या मापात मोजतात. तो ०.०५ इतका किरकोळ मानला तरी हिशेब असा होतो: शाळेतल्या मुलींच्या संख्येतून एक वजा करून त्याला सारखेपणाने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. ३९ गुणिले ०.०५ म्हणजे १.९५, अधिक एक म्हणजे २.९५. ४८० ला २.९५ ने भागले की सुमारे १६३ येतात. म्हणजे ४८० मुलींच्या या अभ्यासाचे बळ सुट्या निवडलेल्या १६३ मुलींच्या अभ्यासाएवढेच आहे. हे लक्षात न घेता काढलेली पी व्हॅल्यू खोटी लहान येते. शाळेचा क्रमांक फाइलमध्ये एक रकाना म्हणून असणे त्यामुळेच अत्यावश्यक आहे. तो नसेल तर ही दुरुस्ती करता येत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे मुलगी आणि शाळा हे दोन्ही स्तर धरणारे मिश्र प्रारूप. दुसरा अगदी साधा: प्रत्येक शाळेची एक सरासरी काढायची आणि सहा विरुद्ध सहा अशा बारा आकड्यांवर टी-टेस्ट करायची. शाळा इतक्या थोड्या असताना दुसरा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो. मिश्र प्रारूपाला शाळा-शाळांमधला फरक अंदाजाने काढावा लागतो आणि बारा शाळांवरून तो अंदाज डळमळीत राहतो. शिवाय बारा सरासऱ्यांची टी-टेस्ट विद्यार्थिनीला परीक्षकांपुढे स्वतः समजावून सांगता येईल. जी पद्धत विद्यार्थ्याला उलगडून सांगता येत नाही, ती त्याच्या प्रबंधात घालू नये.

सुरुवातीच्या हिमोग्लोबिनचाही विचार करावा लागतो. पहिल्या मोजणीत ज्यांचा आकडा फार खाली आला, त्यांचा पुढच्या वेळी काही उपाय न करताही थोडा वर येतो, कारण त्या नीचांकात मोजणीतल्या चढउताराचाही वाटा असतो. एका गटात अशा मुली जास्त असतील तर त्या गटाची वाढ फुगलेली दिसेल. म्हणून नुसती वाढ तोलण्यापेक्षा सहा महिन्यांनंतरच्या हिमोग्लोबिनची तुलना सुरुवातीच्या हिमोग्लोबिनचा हिशेब धरून करणे बरे.

राहिल्या त्या ८० मुली. देखरेखीच्या गटातून २८ आणि दुसऱ्या गटातून ५२ गळाल्या, हा असमतोल दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मुली सणाला घरी गेल्या असतील तर फारसे बिघडत नाही. अशक्तपणामुळे शाळा सुटली असेल, तर दुसऱ्या गटात तुलनेने सशक्त मुलीच मागे राहिल्या आणि त्या गटाची सरासरी आहे त्यापेक्षा चांगली दिसू लागली. ही शंका कोणतेही गणित पूर्णपणे मिटवू शकत नाही. गळालेल्या मुलींचे सुरुवातीचे हिमोग्लोबिन इतरांच्या शेजारी मांडून दाखवणे आणि गैरहजेरीची कारणे शाळेच्या हजेरीपटावरून शोधून लिहिणे, एवढे विद्यार्थिनीच्या हातात आहे.

या प्रबंधाचा प्रामाणिक निष्कर्ष असा लिहावा लागेल: देखरेखीच्या गटात हिमोग्लोबिन किंचित जास्त वाढलेले दिसले, पण बारा शाळांच्या या अभ्यासावरून तो परिणाम देखरेखीचाच आहे असे म्हणता येत नाही आणि परिणाम नाही असेही म्हणता येत नाही. फरकासोबत त्याची विश्वासमर्यादा द्यावी. असा निष्कर्ष लिहिण्यात काहीही कमीपणा नाही.

रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात बजावले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणे. वरचा ई-मेल सिनॉप्सिस तयार करताना, फाइल जोडण्याआधीच गेला असता तर प्रत्येकी ४० मुलींच्या १२ शाळांऐवजी प्रत्येकी २० मुलींच्या २४ शाळा घेण्याचा सल्ला मिळाला असता. मुली तेवढ्याच, ४८०, पण वरच्याच हिशेबाने त्यांचे बळ सुमारे २४६ सुट्या मुलींएवढे झाले असते. मार्गदर्शकांनी नव्या विद्यार्थ्याला पहिला ई-मेल त्याच टप्प्यावर लिहायला सांगावा. प्रश्न, आखणी आणि मनातली पद्धत या तीन गोष्टी तेव्हाही लिहिता येतात.