साखळीच्या कोठडीतले तीन बळी

जहाजाच्या बंद कोठडीत पोलाद गंजताना हवेतला ऑक्सिजन शोषून घेते. हवेत एरवी सुमारे 21 टक्के असलेला ऑक्सिजन अशा जागी इतका घटू शकतो, की दोन-चार श्वासांत माणूस बेशुद्ध पडतो. वास नाही, गुदमरल्याची जाणीवही नाही.

2007 च्या सप्टेंबरमध्ये उत्तर समुद्रातल्या ‘वायकिंग आयले’ या जहाजावर नांगराची साखळी खडखडत होती. ती बांधायला एक खलाशी साखळीच्या कोठडीत उतरला आणि कोसळला. सोबत्याने रेडिओवरून मदत मागितली, पण न थांबता तोही आत गेला. मदतीला आलेल्या तिसऱ्याला श्वसनयंत्र पाठीवर घेऊन आत जाता येईना. म्हणून त्याने पळ काढण्यापुरती हवा देणारी टोपी घातली. ती आत निघाली. तिघेही दगावले. ती टोपी बाहेर पडण्यासाठी असते, आत शिरण्यासाठी नव्हे.

प्रवेशाचा परवाना हा मोह रोखण्यासाठीच असतो. आधी पंख्याने हवा खेळवायची, मग ती थांबवून दोरीने नळी सोडून तळ, मध्य व वर अशी हवा मोजायची. ऑक्सिजन 21 टक्के हवा; ज्वालाग्राही व विषारी वायूही तपासतात. दारावर पहारेकरी आणि तयार बचावसाहित्य असल्याशिवाय सही नाही. परवान्याला मुदत असते, काम खंडित झाले की मोजणी पुन्हा. आत कोणी कोसळल्यास पहारेकऱ्याने फक्त गजर करायचा, उतरायचे नाही.